तीन अक्षरं आणि एक आकडा

यूजीसी-नेट परीक्षेच्या पहिल्या पेपरला विषयाची सूट नसते. अर्थशास्त्रात संशोधन करणारा असो की मराठी कादंबरीवर प्रबंध लिहिणारी असो, सहायक प्राध्यापक व्हायचं तर पेपर सगळ्यांना एकच. त्या पेपरच्या 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात तर्काच्या घटकाखाली 'मूड अँड फिगर' असे शब्द आहेत. आयुष्यात कधी तर्कशास्त्राच्या वर्गात न बसलेल्या माणसासमोर मग AOO-2 किंवा EIO-3 असली चिठ्ठी येते आणि विचारलं जातं, हा युक्तिवाद वैध की अवैध? युक्तिवाद कशाबद्दल आहे ते सांगितलेलं नसतं. वकिलांबद्दल, वटवाघळांबद्दल की वांग्यांबद्दल, काही कळत नाही. तरी उत्तर देता येतं.

पुष्कळजण त्यासाठी वैध प्रकारांची यादी पाठ करून जातात. पाठ करायला हरकत नाही, पण यादीतली दोन अक्षरं इकडची तिकडे झाली की सगळं पाणी पडतं. शिवाय यादीची गरजही नाही. उत्तर त्या चिठ्ठीतच असतं. कोणतं विधान उलटवता येतं आणि कोणतं येत नाही, एवढं नीट समजलं की ते वाचता येतं.

उदाहरणांसाठी आपण एक सहकारी गृहनिर्माण सोसायटी घेऊ. तिथे युक्तिवाद आयते मिळतात.

या प्रकारच्या तर्कात विधानं चारच तऱ्हेची असतात. 'सगळे वकील पदवीधर असतात' हे A. 'एकही भाडेकरू सभासद नाही' हे E. 'काही तक्रारदार भाडेकरू आहेत' हे I. आणि 'काही तक्रारदार सभासद नाहीत' हे O. ही अक्षरं मध्ययुगीन युरोपातल्या लॅटिन पंडितांची. 'होय' म्हणणं म्हणजे affirmo, त्यातले पहिले दोन स्वर A आणि I होकारार्थी विधानांना दिले. 'नाही' म्हणणं म्हणजे nego, त्यातले E आणि O नकारार्थींना. इथे 'काही'चा अर्थ 'निदान एक' इतकाच घ्यायचा. 'काही आहेत' म्हटलं की बाकीचे नाहीत असं आपण बोलताना सुचवतो, तर्कशास्त्र ते मनावर घेत नाही.

अशी दोन विधानं आधाराला आणि तिसरं निष्कर्षाला, आणि तिघांत मिळून पदं तीनच, असा हा युक्तिवाद असतो. तीन विधानांची तीन अक्षरं ओळीने लिहिली की झाला मूड. पण ओळ कोणती? बोलणारा ज्या क्रमाने बोलला ती नव्हे. आधी निष्कर्ष शोधायचा. निष्कर्ष ज्याच्याबद्दल बोलतो ते पद S, त्याच्याबद्दल जे बोलतो ते P. दोन्ही आधारविधानांत येणारं पण निष्कर्षात न दिसणारं तिसरं पद M. ज्या आधारविधानात P आहे त्याचं अक्षर पहिलं, ज्यात S आहे त्याचं दुसरं, निष्कर्षाचं शेवटी. हा क्रम न पाळता वाक्यं जशी छापली आहेत तशीच अक्षरं लिहिली, तर AEE चं EAE होतं आणि भलत्याच प्रकाराची तपासणी सुरू होते.

आता या सोसायटीतले दोन युक्तिवाद बघा. पहिला: सगळे वकील पदवीधर असतात, या इमारतीतले सगळे रहिवासी वकील आहेत, म्हणून या इमारतीतले सगळे रहिवासी पदवीधर आहेत. दुसरा: सगळे वकील पदवीधर असतात, या इमारतीतले सगळे रहिवासी पदवीधर आहेत, म्हणून या इमारतीतले सगळे रहिवासी वकील आहेत. दोन्हींत तिन्ही विधानं A तऱ्हेची, म्हणजे मूड AAA. पहिला बिनतोड आहे. दुसऱ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. डॉक्टर, शिक्षक, हिशेबनीस सगळे पदवीधरच असतात. मूड सारखा असून एक टिकतो, एक पडतो. फरक आहे तो M कुठे बसला यात. पहिल्यात M म्हणजे 'वकील', दुसऱ्यात 'पदवीधर', आणि दोन्ही ठिकाणी त्याची जागा निराळी आहे.

M च्या जागेलाच आकृती म्हणतात. आकृत्या चार:

```
आकृती 1:   M–P   S–M
आकृती 2:   P–M   S–M
आकृती 3:   M–P   M–S
आकृती 4:   P–M   M–S
```

डावीकडची जोडी पहिल्या आधारविधानाची, उजवीकडची दुसऱ्याची. जोडीतलं पहिलं अक्षर उद्देश्य, दुसरं विधेय. निष्कर्ष सगळीकडे S–P. यातल्या पहिल्या तीन आकृत्या ॲरिस्टॉटलच्या, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातल्या. 'प्रायर ॲनालिटिक्स' या त्याच्या ग्रंथात त्या आहेत. चौथी त्याने वेगळी मोजली नाही. परंपरा तिचं श्रेय गॅलेन या वैद्याला देते. तीन जागांवर प्रत्येकी चार अक्षरं, म्हणजे मूड 64. प्रत्येकाच्या चार आकृत्या, म्हणजे एकूण 256 प्रकार. आपला पहिला युक्तिवाद AAA-1, दुसरा AAA-2.

तेच शब्द घेऊन आणखी एक जोडी करू. सगळे वकील पदवीधर असतात. या इमारतीतला एकही रहिवासी वकील नाही. म्हणून एकही रहिवासी पदवीधर नाही. हा AEE-1, आणि तो साफ चुकीचा आहे, कारण वकील नसलेले पदवीधर कितीतरी असतील. आता दुसरं विधान बदला: एकही रहिवासी पदवीधर नाही, म्हणून एकही रहिवासी वकील नाही. हा AEE-2, आणि हा बरोबर आहे. म्हणजे AAA ला पहिली आकृती मानवते आणि दुसरी नाही, तर AEE ला दुसरी मानवते आणि पहिली नाही. मग आकृती प्रकाराला कधी तारते आणि कधी मारते, हे आधीच ओळखता येईल का?

येतं. आधी एकेक विधान उलटवून बघा. 'एकही भाडेकरू सभासद नाही' आणि 'एकही सभासद भाडेकरू नाही' ही एकच गोष्ट आहे. 'काही तक्रारदार भाडेकरू आहेत' आणि 'काही भाडेकरू तक्रारदार आहेत' हीसुद्धा एकच. E आणि I उलटवले तरी अर्थाला धक्का लागत नाही. A चं तसं नाही. 'सगळे वकील पदवीधर' वरून 'सगळे पदवीधर वकील' होत नाही. O चंही नाही. 'काही पदवीधर वकील नाहीत' हे खरं, म्हणून 'काही वकील पदवीधर नाहीत' हे खरं ठरत नाही.

आता आकृत्यांचा तक्ता पुन्हा बघा. एका आकृतीतून दुसरीत जायचं म्हणजे एखादं आधारविधान उलटवायचं, एवढंच. पहिली जोडी उलटवली की पहिल्या आकृतीची दुसरी होते, दुसरी जोडी उलटवली की तिसरी, दोन्ही उलटवल्या की चौथी. म्हणजे ज्या मूडमध्ये आधारविधानं E आणि I आहेत, त्याला आकृतीने काही फरकच पडायला नको. आणि पडत नाही. 'एकही भाडेकरू सभासद नाही. काही तक्रारदार भाडेकरू आहेत. म्हणून काही तक्रारदार सभासद नाहीत' हा EIO-1. पहिलं वाक्य 'एकही सभासद भाडेकरू नाही' असं फिरवा, EIO-2 झाला. दुसरं 'काही भाडेकरू तक्रारदार आहेत' असं फिरवा, EIO-3. दोन्ही फिरवा, EIO-4. चारही वैध. चारही आकृत्यांत वैध असणारा कुठल्याही अटीशिवायचा मूड हा एकटाच. परीक्षेत EIO दिसलं तर पुढचा आकडा न बघता 'वैध' म्हणायला हरकत नाही.

आकृती कळीची होते ती A आणि O असतात तेव्हा. ही दोन विधानं एकाच बाजूने वाचता येतात, म्हणून M कुठल्या बाजूला बसला यावर सगळं अवलंबून राहतं.

ही एकतर्फी आणि दुतर्फी विधानांची गोष्ट नेमकी मांडायला तर्कशास्त्रात 'व्याप्त' पद अशी कल्पना आहे. विधान ज्या पदाच्या एकूणएक घटकांबद्दल काही सांगतं, ते पद त्या विधानात व्याप्त. 'सगळे वकील पदवीधर' हे प्रत्येक वकिलाबद्दल बोलतं, पण प्रत्येक पदवीधराबद्दल काहीच बोलत नाही. म्हणून A मध्ये फक्त उद्देश्य व्याप्त. 'एकही भाडेकरू सभासद नाही' हे सगळ्या भाडेकरूंना सगळ्या सभासदांपासून वेगळं काढतं. E मध्ये दोन्ही व्याप्त. 'काही तक्रारदार भाडेकरू आहेत' कुणाचाच पूर्ण हिशेब देत नाही. I मध्ये एकही नाही. O बहुतेकांना अडतो. 'काही तक्रारदार सभासद नाहीत' यात तक्रारदार थोडेच आहेत हे दिसतं, पण सभासद सगळे आले असं का म्हणायचं? समजा तो तक्रारदार तिसऱ्या मजल्यावरचा आहे. तो सभासद नाही असं ठामपणे म्हणायचं तर चिटणीसाला सभासदांचं रजिस्टर पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत चाळावं लागेल. एक नाव जरी बघायचं राहिलं तरी तसं म्हणता येणार नाही. म्हणून O मध्ये विधेय व्याप्त. (त्याच अभ्यासक्रमात न्यायदर्शनातली 'व्याप्ती'ही आहे. ती धूर आणि अग्नी यांच्यातला अटळ संबंध सांगते. तिचा इथल्या 'व्याप्त'शी संबंध लावू नये.)

बघा, उलटवता येणारी जी दोन विधानं, त्यांच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत: E च्या दोन्ही व्याप्त, I च्या दोन्ही अव्याप्त. A आणि O च्या बाजू विषम. आधीचीच गोष्ट, फक्त आता ती नियमांत बसवता येते.

नियम असे. M निदान एकदा तरी व्याप्त हवा. तो दोन्हीकडे अर्धवटच आला, तर एका विधानाने त्याचा एक भाग धरला आणि दुसऱ्याने दुसराच, असं होऊ शकतं; S आणि P यांची गाठ पडलीच पाहिजे असं राहत नाही. दुसरा नियम, निष्कर्षात जे पद व्याप्त आहे ते आपल्या आधारविधानातही व्याप्त हवं. थोड्यांची माहिती घेऊन सगळ्यांबद्दल बोलता येत नाही. उरलेले नियम होकार-नकाराचे: दोन्ही आधार नकारार्थी असतील तर निष्कर्ष निघत नाही, एक नकारार्थी असेल तर निष्कर्ष नकारार्थीच हवा, आणि दोन्ही होकारार्थी असतील तर निष्कर्षही होकारार्थीच. पाचवा एक नियम वादाचा आहे, त्याकडे नंतर येऊ.

AAA-2 ला हे लावू. आकृती 2, म्हणजे M दोन्हीकडे विधेयाच्या जागी. A मध्ये विधेय व्याप्त नसतं. M एकदाही व्याप्त नाही, प्रकार बाद. AEE-1 मध्ये M ठीक आहे, पण निष्कर्ष E असल्यामुळे P व्याप्त आहे, आणि पहिल्या आधारविधानात P हे A चं विधेय, म्हणजे अव्याप्त. बाद. AEE-2 मध्ये तोच P पहिल्या विधानाचं उद्देश्य झाला आहे, A मध्ये उद्देश्य व्याप्त असतं, म्हणून तो वाचला.

आता पूर्ण उदाहरण, जसं बोलताना येतं तसं. सोसायटीच्या वार्षिक सभेत कुणी म्हणतं: 'तक्रार अर्जावर सही करणाऱ्यांतल्या काहींना मताचा अधिकार नाही, कारण मत फक्त सभासदांनाच देता येतं, आणि सही करणाऱ्यांतले काही सभासद नाहीत.'

निष्कर्ष इथे सुरुवातीलाच आला आहे: सही करणारे काही मतदार नाहीत. O. तेव्हा S म्हणजे सही करणारे, P म्हणजे मतदार, M म्हणजे सभासद. P असलेलं विधान 'मत फक्त सभासदांना देता येतं'. हे चार तऱ्हांपैकी कोणतं? घाई करणारा 'सगळे सभासद मतदार' असं लिहितो. तसं वाक्य म्हणत नाही. 'फक्त'चा अर्थ असा की मतदार असेल तर तो सभासद असलाच पाहिजे. एखाद्या सभासदाला काही कारणाने मत नसलं तरी वाक्य खरंच राहतं. म्हणजे 'सगळे मतदार सभासद आहेत': A, आणि जागा P–M. उरलेलं 'सही करणारे काही सभासद नाहीत': O, जागा S–M. मूड AOO, M दोन्हीकडे विधेय, म्हणून AOO-2. तपासा. M दुसऱ्या विधानात O चं विधेय, व्याप्त. P निष्कर्षात O चं विधेय, व्याप्त. पहिल्या विधानात A चं उद्देश्य, व्याप्त. S निष्कर्षात अव्याप्तच आहे, त्याची काळजी नको. एक आधार नकारार्थी, निष्कर्ष नकारार्थी. वैध.

'फक्त'चा अर्थ चुकवून 'सगळे सभासद मतदार' लिहिलं असतं, तर पहिली जागा M–P झाली असती आणि चिठ्ठीवर AOO-1 आलं असतं. मूड तोच, आकृती वेगळी. त्यात P हे A चं विधेय, अव्याप्त. निष्कर्षात मात्र व्याप्त. अवैध. म्हणजे चांगला युक्तिवाद आपणच चुकीचा लिहून बाद केला असता. माझ्या मते या विषयात चुका होतात त्या नियम लावताना कमी आणि वाक्याला अक्षर देताना जास्त. 'फक्त' एक खोडी करतो. दुसरी खोडी 'सगळे... नाहीत' ही रचना करते. 'सगळे वकील श्रीमंत नसतात' हे मराठीत आपण बहुधा 'काही वकील श्रीमंत नाहीत' या अर्थाने बोलतो, म्हणजे ते O आहे. त्याला E लिहिलं की मूडच बदलला. आणि एक मर्यादा अशी की चिठ्ठीला पदं दिसतच नाहीत. एका वाक्यात 'सभासद' म्हणजे सोसायटीचे आणि दुसऱ्यात कमिटीचे असं झालं, तर पदं चार झाली. तीन अक्षरं कितीही देखणी असली तरी तो युक्तिवाद या साच्यातला राहत नाही, आणि हे माणसालाच पाहावं लागतं.

AOO-2 ला एक जुनं नाव आहे, बारोको. तेराव्या शतकात विल्यम ऑफ शेरवुड आणि पीटर ऑफ स्पेन यांच्या तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत वैध प्रकारांना अशी नावं देऊन ती पद्यात गुंफलेली सापडतात. प्रत्येक नावातले पहिले तीन स्वर म्हणजे मूड: बार्बारा म्हणजे AAA, सेलारेन्ट म्हणजे EAE, बारोको म्हणजे AOO. पण खरी करामत व्यंजनांची. पहिलं व्यंजन सांगतं की हा प्रकार पहिल्या आकृतीतल्या कोणत्या प्रकाराच्या आधाराने सिद्ध करायचा. स्वरानंतर आलेला s सांगतो की ते विधान जसंच्या तसं उलटवा. m सांगतो की आधारविधानांची अदलाबदल करा. आपला वैध ठरलेला AEE-2 म्हणजे Camestres: C आहे म्हणून सेलारेन्टकडे न्या, m आहे म्हणून आधार अदलाबदल करा, दोन्ही e च्या मागे s आहे म्हणून दुसरा आधार आणि निष्कर्ष दोन्ही उलटवा. करून बघा: एकही पदवीधर या इमारतीतला रहिवासी नाही; सगळे वकील पदवीधर; म्हणून एकही वकील या इमारतीतला रहिवासी नाही. हा EAE-1 झाला, आणि त्याच्या खरेपणाबद्दल कुणाला शंका नसते. नावातच सिद्धता लपवून ठेवण्याचं हे काम मला त्या काळातल्या सर्वांत हुशार कारागिरींपैकी एक वाटतं.

बारोकोला मात्र हा रस्ता बंद आहे. त्याची आधारविधानं A आणि O, दोन्ही जसंच्या तसं न उलटणारी. म्हणून त्या नावात c आहे, आणि त्याचा अर्थ: उलटं धरून चाला. समजा निष्कर्ष खोटा आहे, म्हणजे सही करणारे सगळे मतदार आहेत. सगळे मतदार तर सभासद. मग सही करणारे सगळे सभासद ठरले, हा साधा AAA-1, बार्बारा. पण आधार म्हणतो की सही करणारे काही सभासद नाहीत. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही, म्हणून मूळ निष्कर्ष मान्य करावाच लागतो. OAO-3 ची हीच अडचण, त्याचं नाव बोकार्डो. ऑक्सफर्डच्या उत्तर वेशीवर याच नावाचा तुरुंग होता. आर्चबिशप क्रॅन्मरला 1556 मध्ये जाळण्याआधी तिथे ठेवलं होतं, आणि 1771 मध्ये तो पाडला. तर्काच्या या प्रकारातून बाहेर पडणं अवघड, म्हणून तुरुंगालाही तेच नाव पडलं असं सांगतात.

नियम हाताशी असले की पुष्कळ चिठ्ठ्या आकडा न वाचताच फाडता येतात. आधाराच्या जोड्या 16. त्यांत EE, EO, OE, OO दोन्ही नकारार्थी म्हणून जातात. II मध्ये एकही पद व्याप्त नाही, M कुठून व्याप्त होणार? IO आणि OI मध्ये एकच पद व्याप्त आहे, आणि निष्कर्ष नकारार्थी असल्यामुळे M आणि P दोन्ही व्याप्त हवेत. एक जागा दोघांना पुरत नाही. IE मध्ये व्याप्त जागा दोन आहेत, पण दोन्ही E च्या, आणि P बसलेला आहे I मध्ये, तोही गेला. उरल्या 8 जोड्या. त्यांना बसू शकणारे निष्कर्ष लावले की 64 पैकी फक्त 11 मूड राहतात: AAA, AAI, AEE, AEO, AII, AOO, EAE, EAO, EIO, IAI, OAO. या अकरांत नसलेली कुठलीही चिठ्ठी, आकृती कोणतीही असो, अवैध. आकडा बघायची गरज फक्त या अकरांसाठी.

अकरा मूड आणि चार आकृत्या, म्हणजे 44 प्रकार. त्यातले वैध किती, हे विचारलं की पुस्तकं वेगवेगळी उत्तरं देतात: 24, 19, 15. यातलं कुठलंच चूक नाही. वाद एका नियमाचा आहे, ज्याला मघाशी बाजूला ठेवलं.

AAI-3 बघा, जुन्या नावाने दाराप्ती. सगळ्या थकबाकीदारांना नोटीस गेली. सगळे थकबाकीदार सभासद आहेत. म्हणून काही सभासदांना नोटीस गेली. ॲरिस्टॉटलला हा मान्य होता, आणि पुढची दोन हजार वर्षं कुणी फारशी कुरकुर केली नाही. आता समजा या सोसायटीत यंदा एकही थकबाकीदार नाही, सगळ्यांनी वेळेवर पैसे भरले. 'सगळ्या थकबाकीदारांना नोटीस गेली' हे खोटं ठरतं का? नोटीस न मिळालेला एकही थकबाकीदार दाखवता येत नाही, तेव्हा ते खोटं म्हणता येत नाही. दुसरं वाक्यही तसंच. निष्कर्ष मात्र खोटा, कारण नोटीस कुणालाच गेलेली नाही. आधार खरे आणि निष्कर्ष खोटा. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज बूल आणि त्याच्यानंतर जॉन व्हेन यांनी 'सगळे' हा शब्द असाच वाचला: तो कुणाच्या अस्तित्वाची हमी देत नाही, हमी फक्त 'काही' देतो. या वाचनातून पाचवा नियम येतो. दोन्ही आधार सर्वव्यापी, म्हणजे A किंवा E असतील, तर निष्कर्ष I किंवा O काढता येणार नाही.

हा नियम लावला की 24 मधले 9 प्रकार जातात आणि 15 उरतात. न लावला तर 24. जुनी पुस्तकं 19 म्हणतात, कारण पाच प्रकार असे आहेत की त्याच आधारांवरून A किंवा E निष्कर्ष निघत असताना ते उगाच I किंवा O वर समाधान मानतात, आणि जुन्या लोकांनी ते मोजले नाहीत. परीक्षेला बसणाऱ्याने आपली उत्तरसूची यातल्या कोणत्या पंथाची आहे हे आधी बघून घ्यावं. पण प्रत्यक्षात त्या नऊ प्रकारांना सरसकट अवैध म्हणणं मला जास्तीचं वाटतं. त्यांना एक आधार कमी पडतो, आणि तो कोणता हे सांगता येतं. AAI-3, EAO-3 आणि EAO-4 यांना M चं अस्तित्व हवं, म्हणजे आपल्या उदाहरणात निदान एक थकबाकीदार. AAI-1, EAO-1, EAO-2, AEO-2 आणि AEO-4 यांना S चं अस्तित्व पुरतं. आणि राहिलेला नववा, AAI-4, या सगळ्यांहून निराळा. त्यात P मधला प्रत्येक M मध्ये आणि M मधला प्रत्येक S मध्ये, म्हणून S आणि M रिकामे नाहीत एवढं सांगून भागत नाही. P मध्येच निदान एक कुणीतरी असावा लागतो.